पहाटेची डोकेदुखी आणि उलटी : कवटीतील वाढलेल्या दाबाची ओळख

‘डोके दुखते’ ही तक्रार आमच्या बाह्यरुग्ण विभागात रोज ऐकू येते. जागरण, उपास, उन्हातील फिरणे, सर्दी, मानेच्या स्नायूंवरील ताण, अर्धशिशी ही तिची नेहमीची कारणे असून त्यांपासून सहसा जिवाला धोका नसतो. या सर्वांच्या गर्दीत एक डोकेदुखी मात्र वेगळी असते. ती आडवे झाल्यावर वाढते, खोकताना, शिंकताना किंवा शौचाला जोर करताना कळ उठवते, पहाटे झोपेतून जागे करते आणि तिच्यासोबत सकाळी उलटी होते. उलटी झाली की रुग्णाला बरे वाटते, आणि नेमक्या याच कारणामुळे घरातील मंडळी ‘पित्त पडले’ असे म्हणून निश्चिंत होतात. प्रस्तुत लेखात या डोकेदुखीमागे कवटीच्या आत काय घडत असते, ती कशी ओळखावी आणि तिच्यावर उपचार कसे होतात, हे आम्ही एका बालरुग्णाच्या उदाहरणाने मांडत आहोत.

कवटी : एक बंद पेटी

प्रौढ माणसाची कवटी ही सर्व बाजूंनी बंद अशी हाडाची पेटी आहे. तिच्यात तीनच गोष्टी राहतात : मेंदू, रक्त आणि मेंदूभोवती खेळणारा पाण्यासारखा स्वच्छ द्रव. शास्त्रीय भाषेत या द्रवाला मस्तिष्क-मेरुद्रव म्हणतात. येथे आपण सोयीसाठी त्याला मेंदूजल म्हणू. पेटीतील सुमारे ८० टक्के जागा मेंदूची, तर उरलेली जागा रक्त व मेंदूजल यांची जवळजवळ निम्मी-निम्मी असते. पेटीच्या भिंती ताणल्या जात नसल्यामुळे यांपैकी एकाने जास्त जागा घेतली, तर दुसऱ्याला तेवढी जागा सोडावी लागते. हा नियम प्रथम स्कॉटलंडमधील अलेक्झांडर मन्रो यांनी १७८३ मध्ये आणि त्यानंतर जॉर्ज केली यांनी १८२४ मध्ये मांडला. आजही मेंदूच्या शस्त्रक्रियेचे सारे शास्त्र त्याच पायावर उभे आहे.

मेंदूजल साचून राहिलेले पाणी नव्हे. मेंदूच्या आतील पोकळ्यांमध्ये ते अहोरात्र तयार होत असते. प्रौढ व्यक्तीत तासाला सुमारे २० मिलिलिटर, म्हणजे दिवसाला जवळपास अर्धा लिटर मेंदूजल तयार होते. एका वेळी मात्र ते सुमारे दीडशे मिलिलिटरच असते. याचा अर्थ असा, की दिवसातून तीन-चार वेळा ते पूर्णपणे बदलले जाते. आतील पोकळ्यांतून ते एका अरुंद नळीवाटे मागच्या बाजूस, लहान मेंदूसमोरील चौथ्या पोकळीत उतरते, तेथून बाहेर पडून मेंदू व मज्जारज्जू यांच्याभोवती पसरते आणि अखेर शिरांतील रक्तात शोषले जाते. ही वाट कोठेही अडली तरी तयार होणे थांबत नाही. पाणी मागे साचत जाते, पोकळ्या फुगतात आणि दाब चढू लागतो.

निरोगी प्रौढ व्यक्ती आडवी असताना हा दाब साधारणपणे पाऱ्याच्या ७ ते १५ मिलिमीटर इतका असतो. तो सतत २० च्या वर राहिला तर वाढलेला समजतात. येथे एक गोष्ट ध्यानात घ्यावयास हवी. कवटीत गाठ वाढू लागली, की आरंभी काही काळ दाब फारसा वाढत नाही. थोडे मेंदूजल पाठीच्या कण्याकडे सरकते, शिरांतील थोडे रक्त बाहेर जाते आणि गाठीला जागा मिळते. ही सवलत संपली, की मग मात्र एखाद-दोन चमचे अधिक आकारमानानेही दाब झपाट्याने चढतो. म्हणूनच महिनाभर ‘सकाळी थोडेसे दुखते’ एवढीच तक्रार असलेला रुग्ण एखाद्या दिवसात बेशुद्ध होऊ शकतो. तक्रार सौम्य आहे, म्हणजे वेळ हाताशी आहे, असे या आजारात गृहीत धरता येत नाही.

आडवे होणे, खोकणे आणि पहाट

मेंदूला स्वतःला वेदना कळत नाही. वेदना कळते ती मेंदूवरील आवरणांना आणि तळाशी असलेल्या मोठ्या रक्तवाहिन्यांना. दाब वाढला, की या आवरणांवर व वाहिन्यांवर ताण येतो आणि डोके दुखते.

आपण उभे असतो तेव्हा डोक्यातील अशुद्ध रक्त गुरुत्वाकर्षणाच्या साहाय्याने सहज खाली उतरते. आडवे झालो, की ही मदत थांबते. शिरांत रक्त अधिक राहते आणि कवटीतील दाब थोडा वाढतो. निरोगी माणसाला हा फरक जाणवतही नाही. ज्याची सवलत संपत आली आहे, त्याला मात्र तो दुखण्याच्या रूपाने जाणवतो. खोकताना, शिंकताना, वाकून जड वस्तू उचलताना किंवा शौचाला जोर करताना छातीतील व पोटातील दाब क्षणभर वाढतो, मानेच्या शिरांतील रक्त अडते आणि तोच धक्का कवटीपर्यंत पोहोचतो.

रात्री यात आणखी एका गोष्टीची भर पडते. गाढ झोपेत श्वास संथ व उथळ होतो, त्यामुळे रक्तातील कार्बन डायऑक्साइडचे प्रमाण किंचित वाढते. या वायूच्या प्रभावाने मेंदूतील रक्तवाहिन्या रुंदावतात, त्यांतील रक्त वाढते आणि बंद पेटीतील दाबात भर पडते. कित्येक तासांची आडवी स्थिती आणि रुंदावलेल्या रक्तवाहिन्या यांचा एकत्रित परिणाम पहाटे सर्वाधिक असतो. उठून बसल्यावर, थोडे हिंडल्यावर डोके हलके होते आणि नऊ-दहा वाजेपर्यंत रुग्ण जणू काही झालेच नाही असा वावरतो.

उलटीचे केंद्र मेंदूच्या देठात, चौथ्या पोकळीच्या तळाशी असते. त्यावर ताण आला, की पोटात काहीही बिघाड नसताना उलटी होते. काही वेळा आधी मळमळही होत नाही. उलटीसोबत माणूस खोल व जलद श्वास घेतो, रक्तातील कार्बन डायऑक्साइड कमी होतो, रक्तवाहिन्या आकुंचन पावतात आणि दाब तात्पुरता उतरतो. उलटीनंतर हलके वाटण्याचे एक कारण हेच असावे असे मानले जाते. ‘उलटीने बरे वाटले, म्हणजे दोष पोटात होता’ हा निष्कर्ष म्हणूनच फसवा आहे. अर्धशिशीतही उलटीनंतर आराम पडतो हे खरे. परंतु अर्धशिशीचे झटके येतात आणि जातात. दोन झटक्यांमधील दिवस पूर्णपणे निरोगी असतात आणि हा क्रम वर्षानुवर्षे बहुधा तसाच राहतो. दाबाची डोकेदुखी आठवड्यागणिक वाढत जाते आणि तिच्यासोबत नवी लक्षणे येत जातात.

एका मुलीची हकीकत

पुढील हकीकत चौथीत शिकणाऱ्या नऊ वर्षांच्या एका मुलीची आहे. रुग्णाची ओळख उघड होऊ नये म्हणून काही तपशील बदलून दिले आहेत. वैद्यकीय क्रम मात्र अशा रुग्णांत नेहमी आढळतो तोच आहे.

दिवाळीच्या सुटीनंतर मुलगी पहाटे पाचच्या सुमारास डोके धरून उठू लागली. एक उलटी होई, त्यानंतर ती पुन्हा थोडा वेळ झोपे आणि नऊ वाजता पोहे खाऊन शाळेत जाई. आठवड्यातून दोनदा होणारा हा प्रकार तिसऱ्या आठवड्यात रोजचा झाला. ‘पित्त पडले की लेक खडखडीत होते,’ असे तिच्या आईने आम्हांस सांगितले. घरच्यांनी शेंगदाणे व तिखट बंद केले, आमसुलाचे पाणी दिले. जवळच्या दवाखान्यातून जंताचे औषध व आम्लपित्ताची गोळी आणली. शाळा टाळण्यासाठी ती असे करत असावी, असाही एक तर्क झाला. परंतु रविवारीही उलटी होतच होती. पोट दुखत नव्हते, जुलाब नव्हते, ताप नव्हता. पोटाच्या आजाराची अन्य कोणतीही खूण नसताना केवळ सकाळची उलटी आठवडे न् आठवडे टिकणे, हीच खरे तर पहिली महत्त्वाची खूण होती.

पाचव्या आठवड्यात तीन नव्या गोष्टी दिसल्या. दूरचित्रवाणी पाहताना ती मान एका बाजूला कलती ठेवू लागली. पायऱ्या उतरताना कठड्याचा आधार घेऊ लागली. आणि वहीतील अक्षर, जे पूर्वी सुबक होते, ते ओळ सोडून वरखाली जाऊ लागले. एकाचे दोन दिसतात असे ती म्हणाली, तेव्हा वडिलांनी चष्म्याचा नंबर असेल म्हणून तिला तालुक्याच्या नेत्रतज्ज्ञांकडे नेले. या डॉक्टरांनी केवळ अक्षरांचा तक्ता वाचून घेण्यावर न थांबता बुबुळ मोठे करण्याचे थेंब घालून डोळ्याचा पडदा तपासला. चष्म्याचा नंबर नव्हता. परंतु दोन्ही डोळ्यांत दृष्टिचेतेचे टोक सुजलेले होते. त्यांनी त्याच दिवशी चिठ्ठी देऊन तिला आमच्याकडे पाठविले.

डोळ्याच्या पडद्यावरील खूण

डोळ्यातून मेंदूकडे जाणाऱ्या नसेभोवती मेंदूचीच आवरणे असतात आणि त्यांच्यामधील फटीत मेंदूजल असते. त्यामुळे कवटीतील दाब थेट डोळ्याच्या मागच्या भागापर्यंत पोहोचतो आणि नसेचे टोक सुजते. या सुजेला पॅपिलेडीमा म्हणतात. ऑफ्थॅल्मोस्कोप या हातात मावणाऱ्या उपकरणाने ती दिसते.

या खुणेसंबंधी दोन गोष्टी ध्यानात ठेवाव्यात. पहिली, सूज असतानाही बराच काळ दृष्टी चांगली राहू शकते. तक्ता शेवटच्या ओळीपर्यंत वाचता येतो. फार तर वाकल्यावर किंवा एकदम उठल्यावर काही सेकंद डोळ्यांपुढे अंधारी येते. परंतु सूज आठवडे-महिने राहिली, तर नस सुकते आणि गेलेली दृष्टी परत येत नाही. दुसरी, सूज यायला काही दिवस लागतात. लहान बाळांत तर ती पुष्कळदा येतच नाही. म्हणून पडद्यावर सूज नाही, एवढ्यावरून दाब वाढलेला नाही असे म्हणता येत नाही. सूज दिसली तर तपास तातडीचा. न दिसली तरी लक्षणे बोलकी असतील तर तपास करायचाच.

एकाचे दोन दिसण्याचे कारणही दाबच होता. डोळा बाहेरच्या बाजूस वळविणारी सहावी नस कवटीच्या तळाशी लांबून जाते आणि दाबामुळे ताणली जाते. ती दुबळी झाली, की डोळा बाहेर वळत नाही आणि शेजारी शेजारी दोन प्रतिमा दिसतात. मान कलती ठेवून काही मुले या दोन प्रतिमा जुळविण्याचा प्रयत्न करतात. लहान मेंदूच्या गाठीत मानेवर येणाऱ्या ताणानेही मान कलते.

तपासणी, आणि एक कठीण रात्र

आमच्या बालरोगतज्ज्ञांनी मुलीला एका सरळ रेषेवर टाचेला चवडा लावून चालावयास सांगितले; ती डावीकडे तोल जाऊन थांबली. बोट नाकाला लावताना डावा हात थरथरत होता. हात-पायांतील जोर व्यवस्थित होता. ही लक्षणे लहान मेंदूच्या डाव्या बाजूकडे निर्देश करीत होती. त्याच संध्याकाळी सीटी स्कॅन करण्यात आला. लहान मेंदूत सुमारे चार सेंटिमीटरची, पाण्याची पिशवी असलेली गाठ होती. तिने चौथी पोकळी दाबली होती आणि वरच्या पोकळ्या मेंदूजलाने फुगल्या होत्या. दुसऱ्या दिवशी एमआरआय करून गाठीचा देठाशी असलेला संबंध पाहण्यात आला.

कित्येक नातेवाईक विचारतात, की पाठीतून पाणी काढून तपासले तर निदान लवकर होणार नाही का? अशा रुग्णांत स्कॅनपूर्वी ते करणे धोक्याचे असते. वरचा दाब कायम असताना खालून पाणी काढले, तर मेंदूचा मागचा भाग कवटीच्या तळाच्या छिद्रात खाली घसरू शकतो आणि श्वासाचे केंद्र चिरडले जाते. म्हणून आधी चित्र, मग आवश्यक असेल तरच सुई, हा क्रम पाळावा लागतो.

मुलीला डेक्सामेथासोन हे गाठीभोवतीची सूज कमी करणारे औषध सुरू केले. पलंगाची डोक्याकडील बाजू ३० अंशांनी उंच केली आणि मान सरळ राहील अशी काळजी घेतली, जेणेकरून मानेच्या शिरांतून रक्त विनाअडथळा उतरावे. शस्त्रक्रिया तिसऱ्या दिवशी ठरली होती. दुसऱ्या रात्री दोनच्या सुमारास परिचारिकेला ती हाकेला उशिरा उत्तर देते असे आढळले. नाडी मिनिटाला ९६ वरून ६० वर आली होती आणि रक्तदाब वाढून १३४/८६ झाला होता.

मंदावलेली नाडी, चढता रक्तदाब आणि अनियमित श्वास हे त्रिकूट विसाव्या शतकाच्या आरंभी अमेरिकन शल्यविशारद हार्वे कुशिंग यांनी सविस्तर वर्णिले. कवटीतील दाब इतका वाढतो, की मेंदूपर्यंत रक्त पोहोचेनासे होते. तेव्हा शरीर रक्तदाब चढवून ते रेटण्याचा प्रयत्न करते, आणि त्याची प्रतिक्रिया म्हणून नाडी मंदावते. ही उशिराची खूण आहे. तिन्ही गोष्टी पूर्ण होण्याची वाट पाहावयाची नसते. येथे श्वास अद्याप नियमित होता, तरीही कार्यवाही लगेच झाली.

तिचे वजन २४ किलो होते. किलोमागे अर्धा ग्रॅम या प्रमाणात तिला १२ ग्रॅम मॅनिटॉल द्यावयाचे होते. २० टक्के द्रावणाचे हे ६० मिलिलिटर होतात. ते वीस मिनिटांत शिरेवाटे देण्यात आले. मॅनिटॉल मेंदूतील पाणी रक्तात ओढून घेते आणि लघवीवाटे बाहेर टाकते. त्याचा परिणाम काही तासच टिकतो, म्हणजे ते उपचार नसून उपचारासाठी मिळविलेला वेळ असतो. हा वेळ वापरून मेंदूशल्यविशारदांनी कवटीला लहान छिद्र पाडून फुगलेल्या पोकळीत एक बारीक नळी बसविली आणि मेंदूजल बाहेरील पिशवीत येऊ दिले. पिशवीची थेंबकुपी कानाच्या पातळीपासून मोजून उंचावर ठेवावी लागते. ती फार खाली ठेवली तर पाणी वेगाने उतरते, वरचा दाब एकदम पडतो आणि खालची गाठ मेंदूला वर ढकलू शकते. म्हणून रुग्णाला उठविताना किंवा पलंग हलविताना नळीची चावी आधी बंद करावी लागते, आणि नातेवाइकांनी पलंगाची उंची परस्पर बदलू नये, असे आम्ही आवर्जून सांगतो. पहाटेपर्यंत मुलीने आईला ओळखले आणि पाणी मागितले.

शस्त्रक्रिया आणि पुढील वाटचाल

दुसऱ्या दिवशी डोक्याच्या मागील बाजूने शस्त्रक्रिया करून गाठ काढण्यात आली. त्यानंतर ७२ तासांच्या आत केलेल्या एमआरआयमध्ये गाठीचा अवशेष दिसला नाही. हे चित्र इतक्या लवकर घेण्याचे कारण असे, की पुढे जखमेतील बदल व उरलेली गाठ यांत फरक करणे अवघड होते. पाचव्या दिवशी नळी चोवीस तास बंद ठेवून पाहिली. डोकेदुखी अथवा उलटी परतली नाही, म्हणजेच मेंदूजलाची नैसर्गिक वाट मोकळी झाली होती. नळी काढून टाकली.

तुकड्याची तपासणी होऊन ती गाठ पायलोसायटिक अॅस्ट्रोसायटोमा, पहिल्या श्रेणीची, असल्याचे कळले. लहान मुलांत या ठिकाणी आढळणाऱ्या गाठींपैकी ही सर्वांत सौम्य जातींपैकी एक असून ती पूर्ण निघाली, तर बहुधा किरणोपचारांची गरज पडत नाही. ठरावीक काळाने एमआरआय करून लक्ष ठेवावे लागते. सर्वांचे असे होत नाही, हे आम्ही स्पष्टपणे नमूद करतो. याच जागी होणारी मेड्युलोब्लास्टोमा ही गाठ कर्करोगाची असते. तिच्यासाठी शस्त्रक्रियेनंतर मेंदू व पाठीचा कणा यांवर किरणोपचार आणि औषधोपचार करावे लागतात, आणि अगदी लहान मुलांत वाढत्या मेंदूचे नुकसान टाळण्यासाठी किरणोपचार शक्यतो टाळतात. त्याशिवाय मागच्या भागातील शस्त्रक्रियेनंतर काही मुले एक-दोन दिवसांनी बोलेनाशी होतात. हे मौन आठवडे, क्वचित महिने टिकते. बोलणे बहुतेकांचे परत येते, पण बोलण्यातील अडखळणे किंवा तोल जाणे काहींमध्ये राहते. शस्त्रक्रियेपूर्वी पालकांना याची कल्पना देणे आम्ही आवश्यक मानतो.

या मुलीच्या डाव्या हातातील थरथर काही आठवडे राहिली. मणी ओवणे, दुरेघी वहीत गिरविणे, रेषेवर चालणे असे व्यायाम तिने भौतिकोपचार विभागात केले. दोन प्रतिमा दिसणे दोन महिन्यांत थांबले. डोळ्यांच्या नसांची सूज ओसरली आणि दृष्टी टिकली. ती टिकली याचे मोठे श्रेय थेंब घालून पडदा तपासणाऱ्या त्या नेत्रतज्ज्ञांकडे जाते.

गाठ काढूनही काहींची वाट मोकळी होत नाही. अशांना पोकळीच्या तळाशी दुर्बिणीद्वारे छिद्र पाडून नवी वाट करून देतात, किंवा शंट नावाची नळी कातडीखालून पोटापर्यंत बसवितात. शंट ही आयुष्यभराची सोबत असते आणि ती केव्हाही तुंबू शकते. शंट असलेल्या मुलात पहाटेची डोकेदुखी, उलटी अथवा अकारण झोपाळूपणा पुन्हा सुरू झाला, तर तो अन्य काही ठरेपर्यंत शंटचाच दोष समजावा आणि त्याच दिवशी रुग्णालय गाठावे.

गाठ नसतानाही

कवटीतील दाब गाठीखेरीज अन्य कारणांनीही वाढतो. आपल्याकडे क्षयरोगाने मेंदूची आवरणे सुजून मेंदूजलाची वाट बंद होते. येथे आठवडे-दोन आठवड्यांचा बारीक ताप, वजन घटणे व चिडचिड आधी दिसते. बाळंतपणानंतरच्या आठवड्यांत मेंदूच्या मोठ्या शिरेत रक्त गोठू शकते. बाळंतिणीची नवी, न थांबणारी डोकेदुखी, विशेषतः आकडी किंवा एका बाजूचा अशक्तपणा सोबत असेल, तर ती ‘वारा लागला’ म्हणून सोडून देऊ नये. वजन वाढलेल्या तरुण स्त्रियांत कोणतीही गाठ नसता दाब वाढतो आणि दृष्टी जाऊ शकते. तान्ह्या बाळांत कवटीची हाडे जुळलेली नसल्यामुळे डोकेच मोठे होत जाते, टाळू फुगते आणि डोळे खाली वळलेले राहतात. तेथे टेपने डोक्याचा घेर दर भेटीत मोजणे हीच खरी तपासणी.

उलटपक्षी, उभे राहिल्यावर वाढणारी आणि आडवे होताच थांबणारी डोकेदुखी बहुधा दाब कमी झाल्याची असते. खोकल्याने क्षणभर उठणारी कळ कधी कधी पूर्णतः निरुपद्रवी असते. पण तसे ठरविण्यापूर्वी एकदा स्कॅन करून घ्यावा लागतो.

घरच्यांनी काय पाहावे

ब्रिटनमध्ये २०११ साली ‘हेडस्मार्ट’ नावाची मोहीम सुरू झाली. मुलांतील मेंदूच्या गाठीची लक्षणे पालक व डॉक्टर यांच्यापर्यंत पोहोचविणे एवढेच तिचे काम होते. पहिल्या लक्षणापासून निदानापर्यंतचा काळ तेथे पूर्वी सुमारे चौदा आठवडे होता. तो या प्रयत्नांनंतर सुमारे सात आठवड्यांवर आला. यासाठी कोणतेही नवे यंत्र लागले नाही. लक्षणांकडे पाहण्याची दृष्टी तेवढी बदलली.

डोकेदुखीच्या रुग्णाला आम्ही जे प्रश्न विचारतो, ते घरीही विचारता येतात. दुखणे सर्वांत जास्त केव्हा असते, आणि ते झोपेतून उठविते का? आडवे झाल्यावर अथवा खोकल्यावर ते वाढते का? सकाळच्या उलट्या दोन आठवड्यांहून अधिक काळ होत आहेत का, आणि त्यासोबत पोटाची दुसरी काही तक्रार आहे का? दर आठवड्याला त्रास वाढतो आहे का? चालणे, अक्षर, नजर, मान किंवा स्वभाव यांत बदल झाला आहे का? दोन आठवडे वहीत वेळ, उलटी व सोबतची लक्षणे लिहून आणलीत, तर डॉक्टरांना निम्मे निदान हाती लागते. पहिल्या चार प्रश्नांची उत्तरे ‘होय’ अशी असतील, तर दोन-तीन दिवसांत डोळ्याचा पडदा व मज्जासंस्था तपासून घ्यावी. पाचव्याचेही ‘होय’ असेल, तर त्याच दिवशी.

रुग्ण झोपाळलेला असेल, हाकेला उत्तर देत नसेल, आकडी आली असेल किंवा एक बाहुली दुसरीहून मोठी दिसत असेल, तर सकाळची वाट पाहू नये. नेताना डोक्याखाली व खांद्याखाली मिळून उंचवटा द्यावा, मान वाकू देऊ नये. शुद्ध हरपलेली असेल व उलटी होत असेल, तर एका कुशीवर ठेवावे आणि तोंडाने पाणी अथवा गोळी देऊ नये. सोबत आधीच्या औषधांच्या चिठ्ठ्या आणि शंट असल्यास त्याचे कार्ड आणावे. रात्री रुग्ण आला तरी आमच्या तातडीच्या विभागात पहिले तीन आकडे हेच घेतले जातात : शुद्धीची पातळी, नाडी आणि रक्तदाब.